दर दोन तासांनी ‘काही अपडेट?’ असे विचारणाऱ्यांना तिकिटावर काय लिहावे?

प्रश्न: मी आमच्या कंपनीच्या अंतर्गत सपोर्ट डेस्कवर आहे. एक सहकारी त्यांच्या तिकिटावर दर दोन तासांनी ‘काही अपडेट?’ एवढेच लिहितात. दुरुस्ती अजून झालेली नाही. चिडचिड दिसू न देता त्यांना नेमके काय लिहू?

उत्तर: उत्तर लिहिण्यापूर्वी तुमची त्या तिकिटावरची शेवटची कॉमेंट उघडून पाहा. तिथे ‘काम चालू आहे, लवकरच कळवतो’ अशा अर्थाचे वाक्य असेल, तर पुन्हा कधी विचारायचे हे तुम्ही त्यांच्यावर सोपवलेले आहे आणि त्यांनी आपल्या परीने दोन तास हे अंतर ठरवले आहे. म्हणून नव्या कॉमेंटमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुढची माहिती तुम्ही कोणत्या दिवशी, किती वाजता लिहिणार ही होय. दुरुस्ती कधी होईल, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर तुमच्या हातात नसेल. पण अमुक वेळी कॉमेंट लिहिणे तुमच्याच हातात असते, त्यामुळे तो शब्द तुम्ही निर्धास्तपणे देऊ शकता.

माझ्याकडे आलेले एक तिकीट उदाहरणादाखल घेतो. हिशेब विभागातल्या एका सहकाऱ्यांना पूर्ण महिन्याचा अहवाल उतरवून घेता येत नव्हता. काही दिवसांचा अहवाल नीट निघे, पण महिना निवडला की पडद्यावर त्रुटी दिसे. दोन दिवसांत त्यांनी पाच वेळा विचारणा केली आणि मी पाचही वेळा ‘टीम यावर काम करत आहे’ असे लिहिले. शेवटी मी पुढची कॉमेंट लिहिली:

> नमस्कार. पूर्ण महिन्याचा अहवाल अजून एकत्र निघत नाही. दुरुस्ती बाकी आहे. कारण सापडले आहे: हा अहवाल तयार व्हायला एका मिनिटाहून जास्त वेळ लागतो आणि आपला सर्व्हर 60 सेकंद वाट पाहून जोडणी तोडतो. तुमच्या नोंदी जशाच्या तशा सुरक्षित आहेत.
>
> तोपर्यंत 1 ते 15 आणि 16 ते महिनाअखेर असे दोन अहवाल काढता येतील. आज सकाळी 11 वाजता मी तुमच्या विभागाचे दोन्ही अहवाल काढून पाहिले. त्यांतल्या ओळींची बेरीज मूळ नोंदींच्या संख्येशी जुळते.
>
> कायमची दुरुस्ती मंगळवारी, 14 तारखेला चाचणीसाठी माझ्याकडे येणार आहे. ती प्रत्यक्ष कधी लागू होईल, हे चाचणी झाल्यावरच सांगता येईल. मंगळवारी दुपारी 4 वाजता मी इथेच पुढची माहिती लिहीन, दुरुस्ती झालेली असो वा नसो.
>
> हा अहवाल तुम्हाला कोणत्या तारखेपर्यंत पुढे द्यायचा आहे, तेवढे कृपया कळवा.

सुरुवातीलाच ‘दुरुस्ती बाकी आहे’ असे सरळ लिहिले आहे, कारण वाचणाऱ्याची नजर आधी तेच शोधते आणि ते तिसऱ्या परिच्छेदात सापडले तर मधले सगळे त्याला सबबीसारखे वाटते. नोंदी सुरक्षित असल्याचे त्यांनी विचारले नव्हते, तरी लिहिले. हिशेबाचे काम करणाऱ्याच्या मनात माहिती गेली की काय, ही भीती आधी येते. मात्र तुम्ही स्वतः तपासले असेल तरच हे वाक्य लिहा.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वीस मिनिटांत आले: अहवाल लेखापरीक्षकांना 16 तारखेला द्यायचा होता आणि मुदतवाढ मागावी की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हते. ‘काही अपडेट?’ या दोन शब्दांमागे हा प्रश्न होता आणि मी तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. दोन भागांतला अहवाल लेखापरीक्षकांना चालत होता, म्हणून मुदतवाढीची गरज उरली नाही आणि मंगळवारपर्यंत तिकिटावर एकही विचारणा आली नाही.

भाषेबाबत दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. ‘तपासले जात आहे’, ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ अशा रचनेत कोण, कधी, काय करतो हे तिन्ही दडून राहते; ‘मी आज सकाळी 11 वाजता काढून पाहिले’ असे लिहिले की केलेले काम दिसते आणि ‘आम्ही पूर्ण प्रयत्न करत आहोत’ असे वेगळे सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. ‘उद्यापर्यंत’ लिहिलेली कॉमेंट ईमेलमधून दुसऱ्या दिवशी वाचली गेली की तो ‘उद्या’ एक दिवस पुढे सरकतो आणि ‘संध्याकाळपर्यंत’ म्हणजे एकासाठी पाच तर दुसऱ्यासाठी आठ. म्हणून वार, तारीख आणि तास हे तिन्ही लिहावेत.

शांतपणा मुख्यतः काय गाळले यावरून दिसतो. ‘आधी सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द काढून टाका. मागची माहिती पुन्हा हवी असेल तर ती नव्याने, पूर्ण लिहा. त्यांनी कितव्यांदा विचारले याचा उल्लेख नको. चूक तुमच्याकडून झाली असेल तर दिलगिरी एकदाच, एका वाक्यात व्यक्त करावी, कारण प्रत्येक कॉमेंटच्या आरंभी ती आली की काहीतरी फार बिघडले आहे असे वाटू लागते.

आमच्या त्या तिकिटावर 504 ही त्रुटी, `proxy_read_timeout` ही सेटिंग आणि मर्यादा नुसती वाढवण्याऐवजी अहवाल पार्श्वभूमीत तयार करण्याचा निर्णय, हे सगळे अंतर्गत नोंदीत गेले. पाठवण्यापूर्वी आपण विनंतीकर्त्याला दिसणाऱ्या चौकटीत लिहीत आहोत की अंतर्गत चौकटीत, हे दरवेळी पाहा.

तिकिटाची स्थितीही कॉमेंटशी जुळली पाहिजे. झेनडेस्कमध्ये `Pending` म्हणजे आपण विनंतीकर्त्याच्या उत्तराची वाट पाहत आहोत, तर `On-hold` म्हणजे तिसऱ्या कोणाची. विनंतीकर्त्याला `On-hold` मात्र `Open` असेच दिसते. काम विकासकाकडे अडलेले असताना तिकीट `Pending` केले, तर विनंतीकर्त्याला वाटते की आपल्याकडूनच काहीतरी हवे आहे आणि तो पुन्हा विचारतो. आमच्या तिकिटात मी एक प्रश्न विचारला होता खरा, पण दुरुस्ती त्या उत्तरावर अवलंबून नव्हती, म्हणून मी स्थिती `On-hold` ठेवली.

आता मंगळवारचे सांगतो, कारण अशा वेळीच ही पद्धत मोडते. दुरुस्ती चाचणीला आली, पण मोठ्या विभागाचा अहवाल तरीही अडकला. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि अजून थोडे थांबून चांगली बातमीच लिहावी, असा मोह झाला. मी चारच्या ठोक्याला लिहिले: ‘दुरुस्ती आज चाचणीला आली. लहान विभागांचा पूर्ण महिना निघतो, तुमच्या विभागाचा अजून निघत नाही, म्हणून ती लागू केलेली नाही. दोन भागांत अहवाल काढण्याची सोय चालू आहे. पुढची माहिती गुरुवारी, 16 तारखेला सकाळी 11 वाजता लिहीन.’ त्यावर त्यांचे उत्तर आले, ‘ठीक आहे, गुरुवारी पाहते.’