केमोनंतर केस कलर करायचेत? आधी टाळू बघा

ताई, केमो संपून तीनच महिने झालेत ना, मग अजून थोडं थांबा. साधारण सहा महिने थांबायला सांगतात, पण मी नुसतं कॅलेंडर बघून ठरवणार नाही, आधी टाळू बघा. लालसरपणा, खाज, कोंड्यासारखे पापुद्रे, पुरळ, नेहमीचा शाम्पू लावला तरी चुरचुरणं, यातलं काहीही असेल तर डबा उघडायचाच नाही. केस निदान इंचभर तरी हवेत, सुरुवातीला येणारी बाळासारखी मऊ लव कलरसाठी कामाची नाही, तिचा पोत आणि रंग पुढे बदलतो.

हे सगळं ठीक असलं की ऑन्कॉलॉजिस्टना विचारा, आणि मग:

- कानामागे पॅच टेस्ट, ४८ तास. "मी तर वर्षानुवर्षं हाच कलर लावतेय" म्हणून बायका हे सोडतात आणि तिथेच फसतात, कारण केमोनंतर त्वचा वेगळी रिअ‍ॅक्ट होऊ शकते.
- मागची एक बट रंगवून बघा. नवे केस कधी रंग पटकन ओढतात, पाकिटावरच्या वेळेच्या आधीच गडद होतात.
- पहिल्यांदा अमोनिया नसलेला सेमी परमनंट घ्या, ब्लीच आणि हायलाइट्स आत्ता नकोत.

आणि हो, "मेंदी म्हणजे नॅचरल" यावर जाऊ नका. बाजारातल्या काळ्या मेंदीत बऱ्याचदा पीपीडी नावाचं केस काळे करणारं रसायन असतं, अ‍ॅलर्जी मुख्यतः त्याचीच येते, घटक वाचूनच घ्या. लावताना जळजळ झाली तर वेळ पूर्ण व्हायची वाट न बघता लगेच धुवून टाका, चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट हॉस्पिटल गाठा.