चाकाचे आरे आधी मोजा

प्रश्न: थर्ड इयरला सॅम्पलिंग थिअरम आणि अलायझिंग शिकवायचं आहे. स्लाइडवर उलटं फिरणारं चाक दाखवलं तर पोरांना कळेल का? कसं दाखवावं?

कळेल. पण चाकाला किती आरे आहेत ते आधी मोजा. मी मोजले नव्हते, आणि त्याची किंमत भर वर्गात मोजली.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. कॉलेजात तपासणी समिती यायची होती, म्हणून त्याआधी प्रत्येकाच्या एका तासाला विभागातले एक ज्येष्ठ सर मागच्या बाकावर बसून निरीक्षण करत होते. माझ्या वाट्याला नेमका सॅम्पलिंगचा तास आला. रात्र जागून चाकाचं चित्र काढलं, आठ आऱ्यांचं, बैलगाडीच्या चाकासारखं. एका फेरीची दहा चित्रं केली, प्रत्येक चित्रात चाक 36 अंशांनी पुढे, आणि एका सेकंदात दहाही चित्रं जातील अशी जिफ फाइल तयार केली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं: `f = 1 Hz, fs = 10 Hz, fs > 2f`. ही म्हणजे सगळं सुरळीत असलेली स्लाइड. चाक उलटं फिरवणारी स्लाइड त्याच्या पुढची होती.

जिफ सुरू झाली आणि चाक ऐटीत उलटं फिरायला लागलं. या स्लाइडवर! मला वाटलं चित्रांचा क्रम चुकला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण दहा तर दोनापेक्षा मोठे आहेत ना?" मी नुसती माउस हलवत उभी. मागून सरांचा आवाज आला, "अगं, ते दृष्टिसातत्य. डोळ्यांचा भास. पुढे चला." मीही पुढे गेले. तास संपल्यावर सरांनी वर सल्ला दिला की वर्गात सर्कस आणू नये, फळ्यावर सिद्धता करावी.

घरी येऊन दहाही चित्रं ए-फोर कागदावर छापली आणि जमिनीवर ओळीने मांडली. पहिलं आणि सहावं चित्र हुबेहूब एक. दुसरं आणि सातवंही एक. म्हणजे मी समजत होते ती एका फेरीची दहा चित्रं नव्हतीच, पाच चित्रं दोनदा होती. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. आठ आरे सारखेच असतील तर चाक 45 अंश फिरलं की पुन्हा पहिल्यासारखंच दिसतं. चाक सेकंदाला एकदा फिरत होतं, पण आऱ्यांची नक्षी सेकंदाला आठ वेळा स्वतःवर येऊन बसत होती. सिग्नल 1 हर्ट्झचा नव्हता, 8 हर्ट्झचा होता. त्याला सोळाच्या वर चित्रं हवी होती आणि मी दिली दहा.

आता हिशेब बघा. दर चित्राला चाक 36 अंश पुढे जातं. पण 45 अंशांवर दुसरा तसाच आरा बसलेला आहे, त्यामुळे 36 पुढे जाणं आणि 9 मागे येणं यांची चित्रं सारखीच येतात. बघणारा जवळचा आरा धरतो, म्हणून दर चित्राला 9 अंश मागे. दहा चित्रांत 90 अंश, म्हणजे सेकंदाला पाव फेरी उलटी. दुसऱ्या भाषेत, 8 मधून 10 वजा केले की उणे 2 हर्ट्झ, आणि आठ आऱ्यांनी भागलं की उणे पाव. तुमच्या स्लाइडसाठी आकडे बदलून बघायचे असतील तर एवढं पुरतं:

```python
rps, fps, spokes = 1, 10, 8
step = 360 * rps / fps
gap = 360 / spokes
seen = (step + gap/2) % gap - gap/2
print(seen * fps / 360)   # -0.25
```

दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते सांगते, कारण तुमच्या "कसं दाखवावं" याचं उत्तर माझ्या मते तेच आहे. चित्रातल्या एकाच आऱ्यावर लाल टिकली लावली. बाकी काही बदललं नाही. तीच दहा चित्रं, तोच वेग. जिफ चालवली की टिकली सरळ पुढे फिरते आणि आरे मागे सरकतात, एकाच चाकावर, एकाच वेळी. वर्गात आधी हशा झाला, मग शांतता. टिकलीची नक्षी सेकंदाला एकदाच परत येते, 1 हर्ट्झ, तिला दहा चित्रं भरपूर. आऱ्यांची 8 हर्ट्झ, त्यांना दहा अपुरी. थिअरममध्ये नुसता `f` नसून `fmax` का लिहितात हे त्या टिकलीने जेवढं कळतं तेवढं सिद्धतेने कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. पुस्तकातल्या एकाच साइनवेव्हच्या आकृतीत हा मुद्दा येतच नाही, कारण तिथे सर्वात मोठी फ्रिक्वेन्सी आणि एकमेव फ्रिक्वेन्सी एकच असते.

त्यानंतरची स्लाइड वेग हळूहळू वाढवणारी ठेवा. चित्रं सेकंदाला दहाच, फक्त दर चित्राचे अंश वाढवत जा. दहा अंशांवर चाक सरळ फिरताना दिसतं. 22.5 अंशांवर, म्हणजे आऱ्यांमधल्या अंतराच्या बरोबर अर्ध्यावर, दोनच चित्रं आलटूनपालटून येतात आणि चाक सरळ फिरतंय की उलटं हे कोणीच सांगू शकत नाही. इथे थांबा. वर्गाला हात वर करायला लावा, अर्धे एकीकडे, अर्धे दुसरीकडे. `fs > 2f` मधलं चिन्ह मोठं-किंवा-समान का नाही, हा परीक्षेचा पाठ करायचा प्रश्न तिथेच मिटतो. त्याच्या पुढे चाक उलटं होतं, मग हळू हळू होत 45 अंशांवर ठप्प उभं राहतं, आणि 50 वर पुन्हा सरळ, पण गोगलगायीसारखं, खरा वेग त्या वेळी सर्वात जास्त असताना.

फिल्टरची स्लाइड बहुतेक जण फक्त ब्लॉक डायग्रामवर उरकतात. चाक असताना असं करू नका. प्रत्येक चित्र एका क्षणाचं न काढता चाक 45 अंश फिरेपर्यंतच्या अनेक स्थितींची सरासरी घेऊन काढा. कॅमेऱ्यात शटर उघडं ठेवल्यासारखं. बरोबर एका आऱ्याच्या अंतराची सरासरी असल्याने आरे पूर्ण विरघळतात, करड्या रंगाची सपाट चकती उरते. टिकलीचा लाल पट्टा पसरतो, पण सरळच फिरत राहतो. खोटी गती गेली, खरी राहिली. हाच अँटी-अलायझिंग फिल्टर. मग त्याच्या शेजारी आधीची धारदार दहा चित्रं घेऊन शेजारशेजारची दोन-दोन मिसळून दाखवा. आरे थोडे पुसट होतात, पण उलटेच फिरतात. फिल्टर सॅम्पलिंगच्या आधी का लागतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. चित्रं काढून झाल्यावर 36 पुढे की 9 मागे ही माहितीच त्या चित्रांत नसते, मग फिल्टर ती आणणार कुठून?

(नायक्विस्ट 1928, शॅनन 1949, फोटोसकट स्लाइड पहिलीच असते सगळ्यांची. शेवटी टाका किंवा टाकूच नका.)

थोडी पथ्यं. जिफमध्ये दोन चित्रांमधला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिला जातो. दहा चित्रांना तो नेमका 10 येतो. पंधरा चित्रांना 6.67 लागेल, तो लिहिता येत नाही, आणि तुमचा हिशेब आणि पडदा जुळत नाहीत. ऑनलाइन तास असेल तर स्क्रीन शेअर करून हे दाखवूच नका. तिथे मधली चित्रं गळतात, म्हणजे तुमच्या सॅम्पलिंगवर दुसरं सॅम्पलिंग होतं आणि चाक मनाला येईल तसं वागतं. फाइल मुलांना पाठवा. घरच्या तीन पात्यांच्या पंख्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगायलाही हरकत नाही. सेकंदाला 30 फ्रेम आणि मिनिटाला 300 फेरे असतील तर दर फ्रेमला 60 अंश पडतात, पात्यांमधल्या 120 च्या बरोबर अर्धे. मात्र पाती वाकडी दिसली तर तो अलायझिंगचा दोष नाही. मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्याचा आहे.

आणखी एक, हे मला उशिरा उमगलं. चाकाला दिशा असते, वर-खाली जाणाऱ्या नुसत्या साइनवेव्हला नसते. 8 हर्ट्झची कोसाइन सेकंदाला दहा वेळा मोजली तर 2 हर्ट्झची कोसाइन मिळते, "उलटी" असं काही दिसत नाही. तेव्हा चाक दाखवून थेट ऑडिओच्या उदाहरणावर उडी मारली तर कोणीतरी विचारणारच, आवाज उलटा का वाजत नाही? मधे एक स्लाइड हवी: आऱ्याच्या टोकाची फक्त उंची मोजा, दिशा हरवते आणि खोटी फ्रिक्वेन्सी उरते. नकारात्मक फ्रिक्वेन्सी शिकवायची असेल तर हीच जागा.

आता सरांचं. टिकलीचा प्रयोग मी विभागाच्या बैठकीतही दाखवला. ते म्हणाले, छान आहे, पण शेवटी दृष्टिसातत्यच. त्यांच्याशी माझं हे भांडण पुढे बरीच वर्षं चाललं. दृष्टिसातत्यामुळे फार तर दहा सुटी चित्रं सलग वाटतात असं म्हणा. ती उलटी का वाटतात हे त्यातून निघत नाही. वरच्या पाच ओळींच्या प्रोग्रामला डोळे नाहीत, तरी तो उणे पावच सांगतो. लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखाली चाक उलटं दिसतं तेव्हाही सॅम्पलिंग दिवा करतो, डोळा नव्हे. तुमच्या विभागात असे कोणी असतील तर वाद घालत बसू नका, चित्रं छापून टेबलावर ठेवा.

न्यायाने एवढं मात्र सांगायला हवं की भर उन्हात, कुठलाही दिवा वा कॅमेरा नसताना, फिरणाऱ्या वस्तूकडे बराच वेळ बघत राहिलं तर काहींना मधूनच ती उलटी फिरल्यासारखी दिसते. त्याचं कारण मेंदूत शोधावं लागतं आणि त्यावर संशोधकांचं एकमत नाही. तेवढ्यापुरता डोळ्यांचा भास म्हणा, माझी हरकत नाही. सर निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना हे सांगितलंही. ते म्हणाले, "बघ, मी म्हणतच होतो." मी पर्समधून पहिलं आणि सहावं चित्र काढून त्यांच्या हातात दिलं.