संस्कृतीकरण: आधी ई दीर्घ करा

'समाजशास्त्राच्या पेपरसाठी धर्मावर निबंध लिहायचा आहे. संस्कृतीकरण म्हणजे सुसंस्कृत होणं, की बोलण्यात संस्कृत शब्द वाढवणं? क्लासमध्ये दोन्ही ऐकलं. आणि या संकल्पनेवरची मुख्य टीका कोणती?' – एक विद्यार्थिनी, कोपरखैरणे

दोन्ही नाही. आणि ऱ्हस्व इकाराने 'संस्कृतिकरण' लिहिलं तर ते तिसरंच काहीतरी. मध्यंतरी ठाण्यात एका व्याख्यानात वक्ते तासभर 'समाजाचं संस्कृतिकरण झालं पाहिजे' असं सांगत होते. त्यांना म्हणायचं होतं की लोकांनी नाटकं पाहावीत, पुस्तकं वाचावीत. टाळ्या पडल्या. जातिव्यवस्थेच्या अभ्यासातल्या एका शब्दाचं असं सांस्कृतिक धोरण होताना पाहून मी गप्प बसलो, त्याची भरपाई आता करतो.

शब्द 'संस्कृती'पासून आलेला नाही, 'संस्कृत'पासून आला आहे. एखादी गोष्ट आधी तशी नव्हती आणि मग तशी झाली, हे सांगायला संस्कृत व्याकरणात 'च्वि' नावाचा प्रत्यय आहे. तो लागला की आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अ चा ई होतो. शुद्धचं शुद्धीकरण, सुलभचं सुलभीकरण, तसंच संस्कृतचं संस्कृतीकरण. या अर्थाला व्याकरणकारांनी नाव दिलंय 'अभूततद्भाव': जे तसं नव्हतं ते तसं होणं. आता गंमत बघा. या च्वि प्रत्ययातला च, व आणि इ यांपैकी एकही वर्ण शब्दात शिल्लक राहत नाही. प्रत्यय आपलं काम उरकून पूर्ण नाहीसा होतो, मागे राहतो फक्त तो दीर्घ ई. म्हणून म्हणतो, तेवढा तरी नीट लिहा.

समाजशास्त्रज्ञ म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास यांनी मूळ शब्द इंग्रजीत घडवला, कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा लोकांवरच्या 1952 सालच्या ग्रंथात. त्यांना तिथे दिसलं ते असं: जातीच्या उतरंडीत मधे किंवा खाली असलेला एखादा गट मांस-मद्य सोडतो, वरच्या जातीचे विधी आणि आचार उचलतो, आणि पिढी-दोन पिढ्यांनी वरच्या जागेवर हक्क सांगतो. कोडव्यांतल्याच अम्मा कोडवांनी मांस-मद्य सोडून जानवं घातलं, हे त्यांचं एक उदाहरण. श्रीनिवास आधी 'ब्राह्मणीकरण' म्हणू पाहत होते, पण तो शब्द त्यांना अपुरा वाटला. वैदिक काळचे ब्राह्मण सोम पीत, मांस खात, आणि नकलेचा नमुना दर ठिकाणी ब्राह्मणच असतो असंही नाही. कुठे तो क्षत्रिय असतो, कुठे वैश्य, आणि पुष्कळदा गावात जिच्या हाती जमीन आहे ती जात. गाईडांमध्ये 'कनिष्ठ जातींनी केलेलं ब्राह्मणांचं अनुकरण' एवढीच व्याख्या छापतात. ती खोडून टाका.

फ्रिट्स स्टाल या डच संस्कृतज्ञाने 1963 मध्ये आक्षेप घेतला की ही संज्ञा आणि संस्कृत भाषा-परंपरा यांचा संबंध फार गुंतागुंतीचा आहे. 'संस्कृत' म्हणून जे मिरवतं त्यातलं कितीतरी मुळात लोकांकडूनच वर गेलेलं आहे. बरोबर आहे, पण हा आक्षेप मला ग्रंथालयात बसून घेतलेला वाटतो. गावात जानवं घालणाऱ्याला ते कुठल्या ग्रंथातून आलं याच्याशी कर्तव्य नसतं, ते कोणाच्या खांद्यावर दिसतं याच्याशी असतं. शिवाय शब्द अवघडलेला आहे हे श्रीनिवासांनी 1956 मध्ये स्वतःच मान्य केलं होतं. निबंधात स्टालला एक ओळ द्या, परिच्छेद नको.

खरी टीका त्या च्विमध्येच बसली आहे, निदान माझं तरी असं मत आहे. च्वि म्हणतो, 'आधी नव्हता, आता झाला.' वर सरकू पाहणारी जात असं कधीच म्हणत नाही. ती म्हणते, 'आम्ही मूळचेच तसे, मध्यंतरी काळाच्या ओघात खाली ढकललो गेलो.' म्हणजे अभ्यासकाच्या शब्दात जे 'होणं' आहे, ते दावेदाराच्या तोंडी 'परत मिळवणं' असतं. आणि वर बसलेले म्हणतात, 'तुम्ही नव्हता आणि होणारही नाही.' या तीन म्हणण्यांपैकी कोणतं चालेल, ते विधी ठरवत नाही. ते ठरवते सत्ता.

पूर्व उत्तर प्रदेशातलं सेनापूर गाव घ्या. तिथले नोनिया, म्हणजे परंपरेने सोरा काढणारे आणि मातीकाम करणारे लोक, स्वतःला चौहान राजपूत म्हणवू लागले. 1936 मध्ये त्यांनी सगळ्यांनी मिळून, उघडपणे जानवी घातली. गावचे जमीनदार क्षत्रिय होते. त्यांनी नोनियांना मारहाण केली, जानवी तोडली आणि साऱ्या जातीवर सामूहिक दंड बसवला. काही वर्षांनी नोनियांनी पुन्हा जानवी घातली. या वेळी गाजावाजा केला नाही, एकेकट्याने, गुपचूप घातली. कोणी अडवलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ विल्यम रो यांनी हे गाव अभ्यासलं, आणि श्रीनिवासांनीही ते आपल्या 1966 च्या पुस्तकात घेतलं. जानवं दोन्ही वेळा तेच होतं. बदलली ती घालण्याची पद्धत आणि गावातली हवा. नुसत्या अनुकरणाने माणूस वर जातो असं मानलं तर 1936 चा मार समजत नाही, आणि जमीनदारांचं बळ हेच सर्वस्व मानलं तर नंतरचं मौन समजत नाही. संकल्पना कुठवर पुरते ते तपासायला याहून चांगलं गाव मला माहीत नाही.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे, कारण तिथे भांडण एका शब्दावरून झालं. पेशवाईत सोनारांनी, म्हणजे स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवणाऱ्या समाजाने, धोतराचा एक सोगा पुढे आणि एक मागे खोचायला सुरुवात केली आणि भेटल्यावर 'नमस्कार' म्हणायला सुरुवात केली. दोन्ही खुणा तेव्हा ब्राह्मणांच्या मानल्या जात. पेशव्यांच्या बळावर ते बंद पाडण्यात आलं, आणि मुंबईतल्या सोनारांना आवरायला ईस्ट इंडिया कंपनीच्या तिथल्या अधिकाऱ्यांकडूनही मनाईहुकूम मिळवला गेला. हा प्रसंग डॉ. आंबेडकरांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये सांगितला आहे. ते पुस्तकही 1936 चंच. आज ठाणे स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे 'नमस्कार' म्हणतात, आणि या शब्दावर एकेकाळी सरकारी बंदी होती हे कोणाच्या गावीही नाही.

इथे मला राहवत नाही म्हणून थोडं आडवाटेला जातो. अभिवादनाचे शब्द म्हणजे जातीचा नकाशाच होता. ब्राह्मणाचा नमस्कार, कुणब्याचा रामराम, आणि महाराचा जोहार. चोखोबांचं 'जोहार मायबाप जोहार' आपल्या तोंडी आहेच. आता हाच जोहार झारखंडात आदिवासींचं अभिमानाचं अभिवादन आहे, आणि 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरकडच्या आदिवासी मोर्चांतही तो ऐकू येतो. शब्दात हीनपण नव्हतं. ते होतं तो कोणी, कोणापुढे, किती वाकून म्हणायचा यात. मग महार समाजाने जोहार टाकला तेव्हा काय घेतलं? श्रीनिवासांचा नियम धरला तर 'नमस्कार' घ्यायला हवा होता. घेतला 'जय भीम'. हा वरच्या पायरीवरचा शब्द नव्हे, जिना सोडणाऱ्याचा आहे.

मानववंशशास्त्रज्ञ ओवेन लिंच यांना आग्ऱ्याच्या जाटवांमध्ये हेच दिसलं. चामड्याच्या आणि जोड्यांच्या धंद्यातले हे लोक. त्यांनी आधी क्षत्रियत्वाचा दावा करून पाहिला. पुढे मतदानाचा हक्क आणि आंबेडकरी राजकारण हाती आलं, तसा तो दावा मागे पडला आणि बौद्ध धम्माची वाट मोकळी झाली. राजकीय हक्काने जे मिळतं ते जानव्याने मिळत नाही, असा लिंच यांच्या मांडणीचा रोख. अस्पृश्यतेची रेघ संस्कृतीकरणाने ओलांडता येत नाही, हे श्रीनिवासांनीही नोंदवलं होतं. ज्यांना वर जाण्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यापुढेच हा जिना संपतो. आणि एखादी जात चढलीच, तरी पायऱ्या तशाच राहतात. श्रीनिवासांच्या शब्दांत हा जागेचा बदल आहे, रचनेचा नव्हे. हे टीकाकाराचं वाक्य म्हणून लिहू नका, मास्तर कापतील. ते खुद्द श्रीनिवासांचं आहे.

माझा चिडीचा मुद्दा वेगळा आहे. अनुकरणाची ही मांडणी 1952 साली सुरू झाली असं सगळीकडे शिकवतात. आंबेडकरांनी मे 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्दच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला होता. ब्राह्मणांनी आपला विवाहसंबंधांचा दरवाजा आतून लावून घेतला आणि इतरांनी त्यांची नक्कल केली, म्हणून जाती घट्ट झाल्या, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यांनी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या चाली घेतल्या: जी जात ब्राह्मणांच्या जवळ तिच्यात तिन्ही कडक, जितकी दूर तितकी त्यांची पकड सैल. दोघांत फरक आहे. श्रीनिवास जात वर कशी चढते ते सांगतात, आंबेडकर जात मुळात तयार कशी होते ते सांगतात. पण नकलेची किंमत कोण मोजतं हे आंबेडकरांच्या मांडणीत पहिल्यापासून दिसतं. पाठारे प्रभूंत विधवाविवाहाची चाल होती. ती कमीपणाची खूण वाटू लागली तेव्हा जातीतल्याच काहींनी ती बंद करायचा घाट घातला. जातीचा मान वाढवायचा, तर विधवेचं लग्न थांबवायचं. तुमच्या निबंधात स्त्रियांचा मुद्दा शेवटच्या ओळीत चिकटवू नका, तो या परिच्छेदात घ्या.

घणसोली-ऐरोलीकडच्या आगरी लग्नांत धवलारीण मागे पडून भटजी आले, तर ते संस्कृतीकरण म्हणायचं का, हेही तुम्हाला कोणीतरी विचारेल. धवलारीण म्हणजे धवळे गाऊन लग्न लावणारी बाई. तिच्या धवळ्यांचं नातं तेराव्या शतकातल्या कवयित्री महदंबेच्या धवळ्यांपर्यंत पोचतं, त्यामुळे भटजी जुने आणि धवलारीण गावठी असं समजू नका. नुसता भटजी बोलावणं पुरेसं नाही. त्यासोबत वरच्या जागेचा दावा होता का, तो कोणी नाकारला का, हळदीचं मटण बंद झालं का, हे विचारायचं. हॉलवाल्याच्या पॅकेजमध्ये भटजी येत असतील, तर त्याला संस्कृतीकरण म्हणू नये.