महापेची पाच पानं, कॅनडाची दोन

"दादा, महापेला केमिकल प्लांटमध्ये ९ वर्षं मेंटेनन्सला आहे, आता कॅनडाचं बघतोय. रेझ्युमे ५ पानांचा झालाय, सगळीकडे तोच टाकतो, एक फोन येत नाही. काय काढू त्यातून?"

फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, वडिलांचं नाव एवढं काढ, इथे कॅनडात ते देत नाहीत. बाकी काही काढू नकोस, उलट वाढव, फक्त ती फाईल कुणाला पाठवू नकोस. ती मास्टर. माझी १९ पानांची आहे आणि बायकोनेसुद्धा वाचलेली नाही 😄 दर अर्जाला तिची कॉपी करायची आणि कापत कापत दोन पानांवर आणायची.

मास्टरमध्ये "पंप मेंटेनन्स केलं" असं लिहून उपयोग नाही. मी रबाळेला होतो तेव्हाची माझी एक नोंद सांगतो. कूलिंग वॉटरचे ६ पंप, वर्षात सील १४ वेळा बदललं, सगळे म्हणायचे सीलच खराब येतंय. मी कपलिंगवर डायल गेज लावून पाईपच्या फ्लॅंजचे बोल्ट ढिले केले तर काटा सरकला, म्हणजे पाईपच पंपाला ओढत होता. सपोर्ट नीट केले, अलाइनमेंट परत केली, एकेक पंप स्टँडबायवर घेऊन, प्लांट बंद न करता. पुढच्या वर्षी सील ५ वेळा. सोबत महिना-वर्ष, कोण साहेब होते, माझं काम कुठलं आणि फिटरचं कुठलं, हेही लिहिलंय.

आता रिलायबिलिटीच्या जागेसाठी यातून जाते एवढीच ओळ: "पाईपचा ताण हे मूळ कारण शोधून ६ पंपांचे सील बिघाड वर्षाला १४ वरून ५ वर आणले". प्लॅनरची जागा असेल तर तीच नोंद, पण ओळ वेगळी: "६ पंपांची दुरुस्ती उत्पादन न थांबवता टप्प्याटप्प्याने प्लॅन करून पूर्ण केली". जाहिरातीतले शब्द घे, पण मास्टरमध्ये नसलेलं काम घुसवू नकोस, इंटरव्ह्यूला डायल गेज कुठे लावलं विचारतात.

आकडे राजीनाम्याआधी लिहून काढ, नंतर लॉगबुक हाताला लागत नाही. कंपनीचे कागद किंवा ड्रॉइंग मात्र घरी आणू नकोस, तुझ्या शब्दांत टिपण पुरे.

आणि दुरुस्ती नेहमी आधी मास्टरमध्ये. मी एकदा घाईत जुन्या दोन पानी कॉपीवरूनच नवीन बनवला, त्यात एका नोकरीची तारीख ४ महिने चुकीची राहिली आणि एका कंपनीकडे हा आणि बरोबर तारखेचा असे माझे दोन्ही रेझ्युमे गेले होते. तिथल्या एचआरच्या बाईंनी फोनवर पहिलं तेच विचारलं, मी अडखळलो, परत फोन नाही.

एक्स्प्रेस एंट्रीत जाणार असशील तर अनुभवाच्या पत्रात पद, कामं, तारखा, पगार आणि आठवड्याचे तास लागतात. आपल्याकडे एचआर बऱ्याचदा म्हणतं तूच ड्राफ्ट आण, तेव्हा तो याच फाईलमधून काढ, म्हणजे पत्र आणि रेझ्युमे एकमेकांशी जुळतील.