गोळ्यांच्या पट्टीवरचे आकडे कसे वाचायचे?

प्रश्न: आईच्या बीपीच्या गोळ्यांच्या पट्टीचा फोटो टाकलाय. एक्सपायरी ०६/२०२५ आहे आणि आज २० जून २०२५. गोळी चालेल का? बाकीचे आकडे कशाचे?

उत्तर: चालेल. फक्त महिना-वर्ष छापलं असेल तर आपल्याकडच्या नियमानुसार त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे ३० जूनपर्यंत. १ जुलैपासून मात्र नवी पट्टी घ्या.

वरचा ०७/२०२३ हा उत्पादनाचा महिना. घाईत लोक तोच एक्सपायरी समजतात. बी. नं. पुढची अक्षरं म्हणजे बॅच नंबर. तो प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने देते, त्यामुळे त्यातून तारीख काढू नका. एखादी बॅच तपासणीत नापास झाली, की ती याच नंबरावरून परत मागवतात.

'३० अंशांखाली, उजेड व ओलाव्यापासून दूर' असं छापलंय, म्हणजे फ्रिज नको. गॅसजवळचं कपाटही नको. गोळ्या आधीच सोलून डबीत भरू नका, ओलावा अडवते ती पट्टीच.

फोटोत आकडे ठोकलेल्या टोकाकडच्या दोन गोळ्या कापलेल्या दिसतात. यापुढे दुसऱ्या टोकाकडून कापत चला. आकड्यांचं टोक गेलं की तारीखही गेली.