पश्चिमेच्या बाल्कनीतील कुंड्यांची मांडणी

आपण पाठवलेल्या आराखड्यात जास्वंद आणि मोगरा भिंतीलगत, तर अरेका पाम कठड्याशी आहे. मला वाटते, हा क्रम नेमका उलटा हवा. उंच झाडे मागे ठेवण्याचा नियम बाल्कनीतही चालतो, परंतु येथे प्रकाश एकाच बाजूने येत असल्यामुळे मागे ठेवायचे उंच झाड सावली सोसणारे असावे लागते. त्यामुळे अरेका भिंतीकडे न्यावा आणि ऊन मागणारी जास्वंद कठड्याच्या एका टोकाला ठेवावी, म्हणजे मधला प्रकाश अडणार नाही.

कुंड्या हलवण्यापूर्वी एका निरभ्र दिवशी दुपारी 2 आणि 4 वाजता उन्हाची कड खडूने जमिनीवर आखावी. कठडा भरीव असेल तर त्याच्या पायथ्याशी बराच वेळ सावली राहते. तेथे मोगरा जमिनीवर ठेवल्यास फांद्या लांबट होतात व कळ्या कमी येतात, म्हणून त्याला स्टँडवर घ्यावे.

नवखे लोक बहुधा उंच-बुटके असे आलटून पालटून मांडतात, आणि नजर कोठेच ठरत नाही. त्यापेक्षा एकसारख्या तीन मातीच्या कुंड्यांत मोगरा समान अंतरावर ठेवावा. टांगत्या कुंड्या तूर्त नकोत.