लाइटबिलाच्या फोटोचं इंग्रजी भाषांतर: आकडे आणि तारखा कशा राखाव्यात

«घर जुळे सोलापुरात आहे, मीटर माझ्याच नावावर. वडिलांनी महावितरणच्या बिलाचा फोटो पाठवलाय. यूकेच्या व्हिसासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून लावायचाय. फक्त नाव-पत्ता भाषांतरित केला तर चालेल का?»

नाही, पूर्ण बिल करा. अर्धवट भाषांतराला ‘मूळ कागदाचं अचूक भाषांतर’ असं प्रमाणित करता येत नाही, आणि यूकेला तेच वाक्य लागतं. त्याखाली भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा.

आधी फोटो तपासा. घडीवरचा अंक पुसट असेल तर अंदाजाने लिहू नका, वजाबाकी करा. समजा मागील रीडिंग 4093 आहे आणि चालू रीडिंग 4218 की 4278 ते कळत नाही. वापर 125 युनिट छापलाय आणि गुणक 1 आहे, म्हणजे 4218च बरोबर. 4278 असतं तर 185 युनिट आली असती. तरी खात्रीसाठी महावितरणच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट टाकून मूळ बिल उघडा. मीटर बंद किंवा घराला कुलूप असल्याने सरासरी बिल आलं असेल तर ही वजाबाकी जुळणार नाही. तिथे छापलंय तेच उतरवा, दुरुस्त करू नका.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. मागील रीडिंग 05-06-2024, चालू 06-07-2024 आणि बिल ‘जुलै 2024’चं, असं सर्रास असतं. वापर बहुतेक जूनचा असतो, म्हणून बिलाचा कालावधी 1 ते 31 जुलै लिहिला तर तो चुकीचा ठरतो. दोन्ही रीडिंगच्या तारखा वेगळ्या द्या आणि महिना अक्षरांत लिहा. 06-07 हे कुणी 7 जूनही वाचेल. देयक दिनांक आणि देय दिनांक यांत एका अक्षराचा फरक आहे: पहिला बिल निघाल्याचा, दुसरा भरण्याच्या मुदतीचा. बिल किती जुनं ते पहिल्यावरून ठरतं.

‘आकार’ म्हणजे इथे साइझ नव्हे. स्थिर आकार म्हणजे फिक्स्ड चार्जेस, वीज आकार म्हणजे एनर्जी चार्जेस. वहन आकाराला ट्रान्सपोर्ट लिहिलेलं दिसतं, ते व्हीलिंग चार्जेस आहे. वीज शुल्क हा सरकारी कर, म्हणून इलेक्ट्रिसिटी ड्युटी. दर संकेत जसाच्या तसा ठेवा.

पत्त्यातली नावं मात्र भाषांतरित करायचीच नाहीत. जुळे सोलापूरचं ‘ट्विन’ किंवा साखर पेठेचं ‘शुगर मार्केट’ झालं, तर तो पत्ता पासपोर्टशी जुळणार नाही. नावाचं स्पेलिंग बिलावर वेगळं असेल तर तसंच ठेवून खाली भाषांतरकाराची टीप द्या.